बसमधला अभ्यास, वॉर्डातली परीक्षा

रात्रपाळी करणाऱ्या नर्सला अभ्यासाला वेळच मिळत नाही, असं आपण सहज म्हणून जातो. खरं तर वेळ मिळतो, पण सलग मिळत नाही. ड्युटीला जातानाची बस, मध्यरात्रीची इंजेक्शनं झाल्यावरचा चहा, सकाळी परतीची बस असे त्याचे तुकडे पडलेले असतात. शिवाय या तुकड्यांमध्ये डोकं एकसारखं चालत नाही. संध्याकाळी आठला चालणारं डोकं पहाटे चारला चालत नाही. म्हणून किती वेळ आहे, यापेक्षा कुठल्या तुकड्यात काय करायचं, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा ठरतो. पुण्यातल्या एका सिस्टरने हा प्रश्न कसा सोडवला, त्याची ही हकीकत. तिचं आणि रुग्णालयाचं नाव इथे देत नाही.

कात्रजला राहणारी ही सिस्टर एका मोठ्या रुग्णालयातल्या मेडिसिन वॉर्डात स्टाफ नर्स, म्हणजे सरकारी भाषेत अधिपरिचारिका. तिच्या वरचं पद परिसेविकेचं. वॉर्डात तिला सगळे ‘इन्चार्ज सिस्टर’ म्हणतात. या पदासाठी तिच्या रुग्णालयात लेखी परीक्षा असते. शंभर प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. औषधांच्या मात्रेची गणितं, जंतुसंसर्ग टाळण्याचे नियम, तातडीच्या रुग्णाची काळजी आणि वॉर्डचं व्यवस्थापन अशा चार भागांतून हे प्रश्न येतात. परीक्षेची तारीख लागली तेव्हा हातात तीन महिने होते आणि ड्युटी लिस्टमध्ये तिच्या नावापुढे नाइट लागलेली होती. रात्री नऊ ते सकाळी सात, वॉर्डात तीस खाटा आणि त्यांना मिळून दोघी सिस्टर.

पहिला महिना तिने सगळेच करतात तसं केलं. जाड गाइड पिशवीत घातलं, बसमध्ये खिडकीजवळची जागा पकडली आणि वाचायला सुरुवात केली. महत्त्वाच्या ओळींवर पिवळा रंग फिरवला. रात्री चहाच्या वेळी तीच पानं पुन्हा चाळली. पानं ओळखीची वाटायला लागली, तसा अभ्यास होतोय असं समाधानही वाटायला लागलं. मग एका रात्री निवृत्तीला आलेल्या एका सीनिअर सिस्टरने चहा पिता पिता सहज विचारलं, “काय गं, ब्लड बॅग रिकामी झाली, की कुठल्या पिशवीत टाकशील?”

“प्लास्टिक आहे ना, लाल पिशवीत.”

“मग सांग बघू, तिच्यात उरलेल्या रक्ताचं काय?”

उत्तर पिवळी पिशवी असं होतं. जैव-वैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांप्रमाणे सलाइनच्या नळ्या, लघवीची पिशवी, सुई काढलेली सिरिंज, हातमोजे असं पुन्हा वापरात आणता येणारं दूषित प्लास्टिक लाल पिशवीत जातं. रक्ताने भरलेला कापूस, ड्रेसिंग आणि रक्त उरलेली पिशवी पिवळ्यात जातात. सुया आणि ब्लेड भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात, तर काचेची बाटली आणि फुटलेली अँप्यूल निळ्या खुणेच्या खोक्यात. सिस्टरने हे पान चारदा तरी वाचलं होतं, वर रंगही फिरवला होता. तरी कोणी विचारल्यावर उत्तर चुकलं.

ओळखणं आणि आठवणं

असं का होतं, याचं उत्तर स्मरणशक्तीवरच्या एका गाजलेल्या प्रयोगात सापडतं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी तो 2006 साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना त्यांनी छोटे उतारे वाचायला दिले. काहींना तोच उतारा पुन्हा वाचायला सांगितला आणि काहींना कोरा कागद देऊन आठवेल तेवढं लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. त्यांना सुमारे 81 टक्के मजकूर आठवला, लिहिणाऱ्यांना 75 टक्के. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटलं. पुन्हा वाचणाऱ्यांजवळ 42 टक्के उरलं होतं आणि कोऱ्या कागदाशी झगडलेल्यांजवळ 56 टक्के.

पुन्हा वाचताना मजकूर डोळ्यांसमोर असतो. मेंदूला फक्त ‘हे पाहिलंय’ एवढंच म्हणायचं असतं आणि ते काम सोपं असल्यामुळे आपल्याला येतंय असं वाटतं. आठवताना मात्र मेंदूला काही नसताना उत्तर शोधून आणावं लागतं. ही शोधाशोध जितक्या वेळा होते, तितकी ती वाट मळते. परीक्षेत आणि वॉर्डातही नेमकी हीच शोधाशोध करावी लागते.

इथे तुकड्यातुकड्यांतल्या वेळेचा एक फायदा दिसतो. दहा मिनिटांत एक प्रकरण वाचून होत नाही, पण एक प्रश्न सोडवून नक्की होतो. म्हणजे बस आणि चहाची सुट्टी वाचनासाठी अपुरी असली, तरी स्वतःला प्रश्न विचारण्यासाठी पुरेशी आहे. सिस्टरने गाइड घरी ठेवलं आणि पिशवीत पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराच्या चिठ्ठ्या घातल्या. वाचायचं ते सुट्टीच्या दिवशी, घरी, टेबलाशी बसून. वाचून झालं की त्यातून चिठ्ठ्या करायच्या, पुढे प्रश्न आणि मागे उत्तर.

चांगली चिठ्ठी कशी असते

पहिल्या चिठ्ठ्या तिने केल्या त्या बिघडल्याच. एका चिठ्ठीवर तिने लिहिलं होतं, ‘इन्सुलिनची माहिती लिहा.’ एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर बसमध्ये देता येत नाही. दिलं तरी बरोबर आलं की चूक, हे ठरवता येत नाही. उत्तर अर्धवट येतं आणि आपण स्वतःला उदार मनाने पास करून टाकतो. ज्याचं उत्तर नेमकं एकच आहे आणि जिथे चूक होण्याची शक्यता खरी आहे, तो प्रश्न चिठ्ठीवर यायला हवा.

त्याच विषयावरची तिची नंतरची चिठ्ठी अशी होती: ‘20 युनिट इन्सुलिन द्यायचं आहे. व्हायल 100 युनिट प्रति मिलिलिटरची आहे. हाताशी लाल टोपीची सिरिंज आहे. 20 च्या खुणेपर्यंत भरलं, तर रुग्णाला किती युनिट जाईल?’

हा प्रश्न नीट पाहण्यासारखा आहे, कारण आपल्याकडे दोन ताकदींचं इन्सुलिन मिळतं. एकात दर मिलिलिटरला 40 युनिट असतात, दुसऱ्यात 100. प्रत्येकासाठी सिरिंज वेगळी. 40 च्या सिरिंजची टोपी लाल, 100 च्या सिरिंजची नारिंगी. लाल टोपीच्या सिरिंजवरची 20 ची खूण म्हणजे अर्धा मिलिलिटर. 40 च्या व्हायलमधून अर्धा मिलिलिटर घेतलं तर 20 युनिट होतात, हिशेब बरोबर. पण 100 च्या व्हायलमधून तेवढंच घेतलं, तर 50 युनिट जातात. सांगितलेल्या मात्रेच्या अडीचपट. अशा रुग्णाची साखर झपाट्याने खाली येऊ शकते, तो घामाघूम होतो, गोंधळतो, बेशुद्धही पडू शकतो.

चिठ्ठीच्या मागे तिने फक्त ‘50’ लिहिलं नाही. तिथे तीन ओळी होत्या. 20 ची खूण म्हणजे 0.5 मिलिलिटर, 0.5 गुणिले 100 म्हणजे 50 युनिट. इन्सुलिन भरण्याआधी व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का ते पाहायचं. उत्तर चुकलं तर नेमकी कुठली पायरी चुकली, हे त्या ओळींवरून कळत असे. शिवाय तिने याच प्रश्नाची उलटी चिठ्ठीही केली: 40 ची व्हायल, नारिंगी टोपीची सिरिंज, खूण 20 ची. इथे जातं 0.2 मिलिलिटर, म्हणजे फक्त 8 युनिट, आणि रुग्णाची साखर चढीच राहते. दोन्ही चिठ्ठ्या वेगवेगळ्या दिवशी समोर आल्या, तेव्हाच आपल्याला हिशेब येतोय की ‘50’ हा आकडा नुसता पाठ झालाय, हे तिला कळलं.

संध्याकाळची बस

कात्रजहून पावणेआठच्या सुमारास ती निघत असे. दुपारी झोप झालेली असल्यामुळे हा तिचा सगळ्यात ताजा वेळ. म्हणून गणितं आणि नव्या चिठ्ठ्या याच वेळेला. चालत्या बसमध्ये खाली मान घालून वाचलं, की अनेकांना मळमळतं. बस हलतेय असं कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगत असतो, आणि समोरचा कागद स्थिर आहे असं डोळे सांगत असतात. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही, म्हणून त्रास होतो. तिलाही होत असे, आणि पहिल्या महिन्यातली चिकाटी तिथेच खर्ची पडत होती.

चिठ्ठ्यांमुळे हा त्रास बराच कमी झाला. सिग्नलला बस थांबली की एक प्रश्न वाचायचा, मग खिडकीतून बाहेर बघत मनात उत्तर काढायचं आणि पुढच्या थांब्याला चिठ्ठी उलटायची. कागदावर नजर जायची ती क्षणभर. उभ्याने जावं लागलं, तर मोबाइलवर स्वतःच्याच आवाजात रेकॉर्ड केलेले प्रश्न ऐकायचे. रेकॉर्ड करताना प्रश्नानंतर तिने दहाएक सेकंद मोकळी ठेवली होती आणि मग उत्तर सांगितलं होतं. ही मोकळी जागा फार गरजेची. ती नसली की ऐकणं पुन्हा वाचनासारखंच होतं, उत्तर आयतं कानावर पडतं.

वॉर्डात

रात्रीचा वॉर्ड म्हणजे अभ्यासिका नव्हे, हे तिने पक्कं ठरवून टाकलं होतं. ओव्हर घेणं, दहाची औषधं, बाराची इंजेक्शनं, मधेच येणारी नवी अॅडमिशन, कोणाचा ताप, कोणाची बंद पडलेली सलाइन. या सगळ्यात कागद खिशात ठेवायचा नाही. एक तर लक्ष विभागतं. दुसरं म्हणजे खाटेखाटेला फिरणाऱ्या युनिफॉर्मच्या खिशातून पिशवीत आणि पिशवीतून घरी जाणारा कागद जंतूंची ने-आण करू शकतो. चिठ्ठ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून लॉकरमध्येच राहत.

कागद नसला तरी प्रश्न मात्र वॉर्डात जागोजागी असतात. एका रुग्णाला 500 मिलिलिटर सलाइन चार तासांत द्यायचं होतं. वॉर्डातल्या आयव्ही सेटच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, 20 थेंबांचा एक मिलिलिटर. सिस्टर इतकी वर्षं अंदाजाने रोलर फिरवत आली होती आणि तिचा अंदाज सहसा बरोबर असे. आता तिने आधी मनात हिशेब करायची सवय लावली. 500 गुणिले 20 म्हणजे 10,000 थेंब. चार तास म्हणजे 240 मिनिटं. भागाकार येतो 41.67, म्हणजे मिनिटाला 42 थेंब. मग घड्याळावर 15 सेकंद धरून थेंब मोजायचे. ते 10 ते 11 पडले, की वेग बरोबर. तासाभराने पुन्हा पाहायचं, कारण रुग्णाने हात दुमडला किंवा कुशी बदलली, की वेग बदलतो. तासात साधारण 125 मिलिलिटर उतरायला हवं, हे बाटलीवरच्या खुणांवरून लगेच कळतं.

हे काम तिला तसंही करायचंच होतं. फरक एवढाच, की आता आधी आकडा मनात काढून मग हात चालत होता. रुग्णाच्या वाट्याची दोन मिनिटं अभ्यासाने घेतली नाहीत, उलट त्याच्या सलाइनचा वेग जास्त काटेकोर झाला. वॉर्डात पाहिलेलं काही चिठ्ठीवर उतरवायचं झालं, तर ते घरी गेल्यावर आणि रुग्णाचं नाव, खाट क्रमांक, तारीख काहीही न लिहिता.

बाराची इंजेक्शनं आणि त्यांच्या नोंदी आटोपल्या, की एकच्या सुमाराला दोघी आळीपाळीने चहा घेत. तेव्हा तीन ते पाच चिठ्ठ्या, त्याही मिसळलेल्या. एक गणित, एक कचऱ्याची पिशवी, एक तातडीच्या रुग्णाची. एकाच प्रकारच्या पाच गणितांत दुसऱ्या गणितापासून रीत आपोआप कळते आणि विचार थांबतो. मिसळलेल्या चिठ्ठ्यांत हा कुठला प्रश्न आहे, हे आधी ओळखावं लागतं. परीक्षेच्या कागदावरही प्रश्न तसेच मिसळून येतात.

पहाटे चार

सुरुवातीला तिचा सगळ्यात मोठा बेत होता तो पहाटेचा. तीन ते पाच वॉर्ड शांत असतो, तेव्हा तास-दोन तास मिळतील, असा हिशेब. तो फसला. उत्तरं येईनात, एकच चिठ्ठी तीनदा वाचावी लागे, सोपा गुणाकार चुकायला लागला. सुरुवातीला तिने तो आपला आळस मानला.

कारण शरीराच्या घड्याळात आहे. रात्री झोपणाऱ्या माणसाच्या शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या आसपास सर्वांत खाली जातं आणि त्याच सुमाराला सावधपणाही तळाला जातो. अधूनमधून रात्रपाळी करणाऱ्यांचं हे घड्याळ क्वचितच पूर्ण उलटतं, कारण सुट्टीच्या दिवशी ते पुन्हा घरच्यांबरोबर रात्री झोपतात. या वेळेला नवं काही शिकायचा प्रयत्न वाया जातो. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की जो काही सावधपणा उरलेला असतो तो रुग्णांसाठी लागतो. सहाला रक्ताचे नमुने, इंजेक्शनं, टीपीआर, इनटेक-आउटपुटची बेरीज ही सगळी कामं उभी असतात.

तिने पहाटेचा अभ्यास बंदच केला. रुग्णालयाच्या नियमात बसतं तिथे दोघींपैकी एक जागी राहून दुसरी वीस मिनिटं पाठ टेकू शकते. तीही डुलकी सहाच्या इंजेक्शनांच्या बरीच आधी संपायला हवी. गाढ झोपेतून उठल्यावर काही काळ, कधी कधी अर्धा तासही, डोकं जड राहतं आणि त्या अवस्थेत औषधाची मात्रा भरणं धोक्याचं. पाठ टेकायची सोय नसेल तेव्हा ती वॉर्डात एक फेरी मारून येई.

सकाळची बस आणि झोप

सकाळी ओव्हर देऊन ती साडेसातच्या सुमारास बस पकडे. गर्दी उलट दिशेची असल्यामुळे बसायला जागा मिळे. पहिल्या महिन्यात ती याच बसमध्ये जाड गाइड उघडून बसायची आणि दोन थांब्यांत डुलकी लागायची. आता या बसमध्ये तिने एवढंच ठेवलं की आदल्या संध्याकाळी चुकलेल्या दोन-तीन चिठ्ठ्या पुन्हा काढून बघायच्या. एवढ्याने अभ्यास कितीसा होणार, असं वाटेल. पण त्यानंतर लगेच येते ती झोप, आणि तिचा अभ्यासाशी थेट संबंध आहे.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जॉन जेनकिन्स आणि कार्ल डॅलनबॅक यांनी 1924 साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन विद्यार्थ्यांनी निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ केल्या. कधी पाठांतरानंतर ते झोपले, कधी तेवढेच तास जागे राहिले. झोपल्यावर जास्त आठवत होतं, जागं राहिल्यावर कमी. पुढच्या शंभर वर्षांत झोपेत मेंदू नव्या आठवणी कशा पक्क्या करतो, यावर बरंच संशोधन झालं. सिस्टरच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की सकाळी घरी येऊन झोप मारून केलेला दोन तासांचा अभ्यास हा तोट्याचा व्यवहार आहे. नवं काही नीट आत जात नाही, आणि आधी शिकलेलं पक्कं होण्याची वेळही हातची जाते.

घरी हे पटवून देणं सोपं नव्हतं. “परीक्षा आहे आणि दिवसभर झोपतेस?” असं सासूबाई काळजीपोटीच म्हणाल्या. तिने त्यांना सरळ सांगितलं, “आई, दुपारी दोनपर्यंत मला उठवू नका. तेवढं केलंत, तर अर्धा अभ्यास तुम्हीच करून दिलात असं समजा.” त्या दिवसापासून दाराची बेल आणि कुरिअर सासूबाईंनी आपल्याकडे घेतलं, खिडकीला जाड पडदा लावला.

तीन पाकिटं

चिठ्ठ्या दोनशेवर गेल्या तेव्हा रोज सगळ्या बघणं शक्यच नव्हतं, आणि गरजही नव्हती. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस याने स्वतःवरच प्रयोग करून 1885 साली दाखवलं होतं, की शिकलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरलं जातं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी लवकर हवी, पुढच्या उजळण्यांमधलं अंतर वाढवता येतं. याच विचारावर सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने 1970 च्या दशकात चिठ्ठ्या खणांमध्ये लावण्याची पद्धत लोकप्रिय केली.

सिस्टरने खणांऐवजी तीन पाकिटं केली. पहिलं रोजचं, दुसरं तीन दिवसांनी बघायचं, तिसरं दहा दिवसांनी. उत्तर बरोबर आलं की चिठ्ठी पुढच्या पाकिटात जाई. चुकलं की, कितव्याही पाकिटात असो, परत पहिल्यात. महिन्याभरात जे येतं ते तिसऱ्या पाकिटात जाऊन पडलं आणि पहिल्या पाकिटात उरल्या त्या हटवादी चाळीसएक चिठ्ठ्या. बसमधली तिची पाऊण तासाची पूर्ण ताकद आता त्या चाळिसांवर लागत होती.

यातही एक फसगत होती. काही चिठ्ठ्यांची उत्तरं तिला कोपऱ्यावर पडलेल्या चहाच्या डागावरून आठवायला लागली. प्रश्न पूर्ण वाचायच्या आत उत्तर तोंडावर येतंय, हे त्याचं लक्षण. उपाय सोपा होता. आकडे बदलून तोच प्रश्न नव्या चिठ्ठीवर लिहायचा. 500 च्या जागी 1000 मिलिलिटर, चार तासांच्या जागी आठ तास. उत्तर तेच 42 येतं, पण आता ते हिशेबातून यावं लागतं.

तुकड्यांत न बसणारा भाग

पहिले तीन विषय असे आवाक्यात आले. चौथा, वॉर्डच्या व्यवस्थापनाचा, चिठ्ठ्यांमध्ये बसेना. इन्चार्ज सिस्टरचं मोठं काम म्हणजे ड्युटी लिस्ट लावणं. ‘ड्युटी लिस्ट लावताना काय लक्षात घ्याल?’ या प्रश्नाची चिठ्ठी होते, पण ती येत असली म्हणून यादी लावता येत नाही.

यासाठी तिने सुट्टीच्या दोन दुपारी पूर्ण दिल्या आणि कागदावर खरोखरची यादी मांडली. समजा वॉर्डात बारा सिस्टर आहेत. सकाळी चार, संध्याकाळी तीन आणि रात्री दोन लागतात, म्हणजे दिवसाला नऊ ड्युट्या आणि आठवड्याला 63. प्रत्येकीच्या आठवड्याला सहा ड्युट्या धरल्या, तर बारा जणींच्या 72 होतात. नऊ ड्युट्या शिल्लक राहतात. हात मोकळा आहे असं वाटतं. पण एक बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि एक आजारी पडली, की उरलेल्या दहा जणींच्या ड्युट्या होतात 60. लागतात 63. तीन ड्युट्या कुठून आणायच्या? शेजारच्या वॉर्डातून मागायच्या, की ऑपरेशन आणि ओपीडी बंद असलेल्या रविवारी सकाळी चारऐवजी तिघींवर भागवायचं? रात्रीच्या दोघींना हात लावता येत नाही, कारण एक औषधं देत असताना दुसरी अत्यवस्थ रुग्णाजवळ हवी. शिवाय दोन्ही नव्या मुली एकाच रात्री लागता कामा नयेत.

अशा एका निर्णयाला दुसरा चिकटलेला असतो. एक बदलला की चार हलतात. सगळा पट एकदम डोळ्यांसमोर ठेवून तास-दीड तास बसल्याशिवाय तो कळत नाही. बसच्या पाऊण तासात, थांब्यांच्या धक्क्यांमध्ये हे होणारं काम नव्हे. तिने मांडलेली यादी वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना दाखवली. त्यांनी पेन्सिलीने दोन ठिकाणी गोल केले. एका सिस्टरची नाइट संपून तिला मधला ऑफ न देताच सकाळची ड्युटी लागली होती, आणि एका आठवड्यात सलाइनचा साठा मागवण्याच्या दिवशी स्टोअरची माहिती असलेलं कोणीच सकाळी नव्हतं. या दोन गोलांनी तिला त्या प्रकरणातल्या अनेक पानांपेक्षा जास्त शिकवलं.

शेवटच्या आठवड्यात तिने नव्या चिठ्ठ्या करणं थांबवलं. परीक्षा सकाळी अकराला होती. आदल्या रात्रीची ड्युटी तिने दोन आठवडे आधीच एका मैत्रिणीशी बदलून घेतली होती, आणि बदली म्हणून तिची एक रविवारची नाइट आपल्याकडे घेतली. त्याच्याही आदल्या रात्री ती ड्युटीवर नव्हती, कारण रात्रपाळीतून बाहेर पडून रात्री नीट झोप लागायला एक दिवस पुरत नाही, हे तिला अनुभवाने माहीत होतं. परीक्षेत औषधांची गणितं तिने सर्वांत आधी सोडवली. डोकं ताजं होतं आणि त्या प्रश्नांत अंदाजाला जागा नव्हती.

ती पास झाली. गणित आणि जंतुसंसर्ग या भागांत तिला उत्तम गुण होते. व्यवस्थापनात जेमतेम. तिला स्वतःला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. आज दुसऱ्या एखाद्या नाइटच्या मुलीने विचारलं, तर ती दोन गोष्टी सांगते. ज्याचं उत्तर एका ओळीत मावतं ते बसमध्ये घेऊन जा. ज्याचा निर्णय दहा गोष्टींवर अवलंबून आहे, त्यासाठी सुट्टीची एक दुपार मागून घे, घरच्यांकडून मागून घे, आणि पहिल्याच महिन्यात मागून घे.